कॅपिटल अक्षरं आणि प्रश्नचिन्हांची रांग

आमच्या अकाउंट्सच्या साहेबांची मेल आली: pLEASE SEND BILL TODAY. चिडलेत का? मी काय लिहू?

पहिलं अक्षर बघा. p लहान आहे. विंडोजच्या संगणकावर कॅप्स लॉक चालू राहिलं आणि सवयीने वाक्याच्या सुरुवातीला शिफ्ट दाबली, की अक्षर उलटं, म्हणजे लहान उमटतं. साहेबांची नजर कीबोर्डवर होती, पडद्यावर नव्हती, एवढंच यातून कळतं.

ही खूण नसेल तर त्यांच्या जुन्या मेल उघडा. दिवाळीच्या शुभेच्छाही कॅपिटलमध्येच असतील, तर ती सवय आहे. टेलिप्रिंटरवर किंवा फॉर्म भरण्यात आयुष्य गेलेल्यांना लहान अक्षरांची ओढच नसते. तारही कॅपिटलमध्येच यायची, आणि ती 2013च्या जुलैपर्यंत चालू होती. मात्र एरवी नीट लिहिणाऱ्याने Please send bill TODAY असा एकच शब्द मोठा केला, तर तो जाणूनबुजून केलेला आहे. तिथे माफी मागत बसू नका, "चार वाजेपर्यंत पाठवतो" म्हणा. वेळ सांगितली की बहुतेक राग तिथेच उतरतो.

सोसायटीच्या सेक्रेटरींचा एसएमएस: ????? 11 ????? ??. मी काय गुन्हा केला?

काहीच नाही. हा राग नव्हे, मराठी मजकूर वाटेत हरवलाय. देवनागरी न समजणाऱ्या यंत्रणेतून संदेश गेला की ती दर चिन्हाच्या जागी एक ? ठेवते, आकडे, मोकळ्या जागा आणि इंग्रजी अक्षरं मात्र तशीच राहतात. रागावलेला माणूस असे मोजून गट पाडत नाही. आता मोजा. "उद्या" मध्ये उ, द, हलन्त, य आणि काना, अशी पाच चिन्हं. मग 11. "वाजता" मध्ये पुन्हा पाच, "या" मध्ये दोन. म्हणजे बहुधा "उद्या 11 वाजता या". पण हा अंदाजच. पाच चिन्हांचे दुसरे शब्दही असतात, आणि एकदा ? झालेलं अक्षर परत मिळवता येत नाही. म्हणून "आपला संदेश नीट उमटला नाही, पुन्हा पाठवाल का?" असं विचारा. पुन्हा तसाच आला, तर सरळ फोन करा.

धाकटी बहीण नुसतं ??? पाठवते. मला उद्धटपणा वाटतो.

ते कशाच्या खाली आलंय? तुमच्या वाक्याखाली असेल, तर तिला ते समजलं नाही. दुसऱ्या शब्दांत सांगा. तिच्याच जुन्या प्रश्नाखाली असेल, तर ती उत्तराची आठवण करून देतेय. मग मध्ये किती वेळ गेला ते बघा. सकाळचा प्रश्न आणि रात्री ???, तर चूक तुमचीच, ताई. पाच मिनिटांतच आलं, तर "बसमध्ये आहे, घरी पोचून सांगते" पुरे.