∛2 ला जोडीदार का सापडत नाही?

प्रश्न: वास्तव सहगुणकांच्या बहुपदीची संमिश्र मुळं नेहमी जोडीने येतात असं शिकवलं. अपरिमेय मुळांचंही तसंच असतं, असं क्लासमध्ये सांगितलं. पण x³ − 2 चं ∛2 हे मूळ तर एकटंच आहे, −∛2 मूळ नाही. मग नियम नक्की काय आहे आणि तो का खरा आहे?

उत्तर: दोन्हींमागचं कारण एकच आहे. ते एका उदाहरणात हाताने करून पाहिलं की ∛2 कुठे वेगळा पडतो तेही आपोआप दिसतं.

p(x) = x³ − 3x² + x + 1 घ्या. याचं एक मूळ 1 + √2 आहे. त्याचा वर्ग 3 + 2√2 आणि घन 7 + 5√2. या किमती ठेवल्या की

(7 + 5√2) − 3(3 + 2√2) + (1 + √2) + 1

√2 नसलेले आकडे एकत्र करा: 7 − 9 + 1 + 1 = 0. √2 चे सहगुणक एकत्र करा: 5 − 6 + 1 = 0. दोन्ही भाग वेगवेगळे शून्य झाले, आणि तसं व्हायलाच हवं. A आणि B परिमेय असताना A + B√2 = 0 असेल आणि B शून्य नसेल, तर √2 = −A/B म्हणजे परिमेय ठरेल, जे अशक्य आहे.

आता 1 − √2 ठेवा. वर्ग 3 − 2√2, घन 7 − 5√2. आकडे तेच राहिले, फक्त √2 च्या पुढचं चिन्ह सगळीकडे उलटलं. म्हणून शेवटी A + B√2 च्या जागी A − B√2 मिळतं, आणि A, B दोन्ही शून्य असल्याने हेही शून्यच.

चिन्ह सगळीकडे इतकं शिस्तीत का उलटतं? गुणाकार पाहा:

(a + b√2)(c + d√2) = (ac + 2bd) + (ad + bc)√2

b आणि d दोघांची चिन्हं बदलली तर bd तसाच राहतो आणि ad + bc चं चिन्ह बदलतं. या गुणाकारात √2 बद्दल आपण एकच गोष्ट वापरली: त्याचा वर्ग 2 आहे. तो धन आहे, साधारण 1.414 आहे, याची कुठेच गरज पडली नाही. −√2 चाही वर्ग 2 च आहे. त्यामुळे परिमेय संख्यांशी बेरीज-गुणाकार करताना या दोघांत फरक करताच येत नाही.

आता √2 च्या जागी i लिहा. i बद्दल आपण वापरतो ते फक्त i² = −1, आणि (−i)² सुद्धा −1 च. A, B वास्तव असताना A + Bi = 0 असेल तर दोन्ही शून्य, कारण i वास्तव नाही. पुढचं सगळं शब्दशः तेच. a + bi मूळ असेल तर a − bi सुद्धा मूळ.

इथे एक अट गुपचूप वापरली गेली, आणि बहुतेक गोंधळ तिच्यामुळेच होतो. चिन्ह उलटताना बहुपदीचे सहगुणक जागचे हलता कामा नयेत. i साठी त्यासाठी सहगुणक वास्तव असणं पुरतं. √2 साठी ते पुरत नाही, कारण √2 स्वतःच वास्तव आहे. तिथे सहगुणक परिमेय हवेत. x² − (1 + √2)x + √2 ही बहुपदी वास्तव सहगुणकांची आहे, पण ती (x − 1)(x − √2) आहे. −√2 ठेवलात तर 4 + 2√2 उरतं. ‘परिमेय सहगुणक’ हे दोन शब्द गाळून अपरिमेय मुळांचा नियम सांगणं म्हणजे चुकीचा नियम सांगणं, असं माझं ठाम मत आहे.

तुमच्या ∛2 कडे येऊ. x³ − 2 चे सहगुणक परिमेय आहेत, म्हणजे अट पाळली गेली आहे. तरी −∛2 चालत नाही, कारण ∛2 ची ओळख ‘घन 2’ ही आहे आणि −∛2 चा घन −2 येतो. चिन्ह उलटल्यावर ओळखच मोडली. ∛2 च्या जागी बसू शकतात त्या फक्त घन 2 असलेल्या संख्या. अशा आणखी दोन आहेत: ω∛2 आणि ω²∛2, जिथे ω = (−1 + i√3)/2. म्हणजे ∛2 एकटा नाहीच, त्याला दोन सोबती आहेत. ते वास्तव नसल्यामुळे आलेखावर दिसत नाहीत, एवढंच. (आणि ते दोघे पहिल्या नियमाने एकमेकांचे जोडीदार आहेत.)

सोबती संमिश्र असल्यामुळे असं होतं, असं वाटत असेल तर x³ − 3x + 1 पाहा. याची तिन्ही मुळं वास्तव आहेत: 2cos 40°, 2cos 80° आणि 2cos 160°, म्हणजे अंदाजे 1.532, 0.347 आणि −1.879. परिमेय मूळ असलंच तर ते 1 किंवा −1 असेल. त्या किमती ठेवल्यावर −1 आणि 3 येतात, म्हणजे परिमेय मूळ नाही. समजा एखादं मूळ a + b√d अशा रूपाचं असतं (a, b, d परिमेय), तर a − b√d सुद्धा मूळ असतं. तिन्ही मुळांची बेरीज 0 आहे, म्हणून तिसरं −2a, म्हणजे परिमेय निघालं असतं. तसं मूळ नाहीच. म्हणून इथे जोडी नाही, तिघांचा संच आहे. r हे मूळ असेल तर r² − 2 हे पुढचं मूळ येतं: 40° वरून 80°, त्यावरून 160°, आणि 320° चा cos म्हणजे पुन्हा 40° चाच.

मग संमिश्र मुळांत तिघांचा संच कधीच का दिसत नाही? कारण a + bi ही कोणतीही संख्या (x − a)² + b² = 0 हे वास्तव सहगुणकांचं वर्गसमीकरण पाळते. p(x) ला या वर्गबहुपदीने भागा. बाकी फार तर mx + n उरेल, m आणि n वास्तव. z = a + bi ठेवलं की mz + n = 0. m शून्य नसेल तर z = −n/m वास्तव ठरेल. म्हणून बाकी शून्य, पूर्ण भाग जातो, आणि a − bi आपोआप आत येतं. भागाकारही वास्तव सहगुणकांचा असल्याने हेच पुन्हा करता येतं. म्हणून z दोनदा मूळ असेल तर जोडीदारही दोनदाच असतो.

परिमेय सहगुणकांतही हाच भागाकार चालतो, फक्त मूळ पाळत असलेलं सर्वांत लहान समीकरण दुसऱ्या घाताचं असेलच असं नाही. घात जितका, तितक्या जणांचा संच. 1 + √2 साठी तो 2, म्हणून जोडी. ∛2 साठी 3. √2 + √3 साठी समीकरण x⁴ − 10x² + 1 आहे, म्हणून चौघं: ±√2 ± √3.

गणित सोडवताना संच पुरा झाला की नाही हे असं तपासा. सुचलेल्या मुळांचे अवयव गुणून पाहा. 2 − √3 आणि 2 + √3 घेतले तर x² − 4x + 1 येतं, काम झालं. √2 + √3 बरोबर फक्त √2 − √3 घेतलं तर x² − 2√2x − 1 येतं. त्यात √2 अजून शिल्लक आहे, म्हणजे कोणीतरी बाहेर राहिलं आहे.