क्लिपची लांबी ठरवताना आलेख सेकंदांत वाचा

साताऱ्याकडच्या यात्रांमधल्या कुस्त्यांच्या क्लिप आपोआप कापायच्या असतील, तर सरासरी पाहण्याच्या वेळेवरून नियम करू नका. पहिल्या दोन-तीन सेकंदांत निघून गेलेले लोक ती सरासरी खाली ओढतात. ती गळती सुरुवात कमकुवत असल्याचं लक्षण आहे, क्लिप छोटी करून ती थांबत नाही.

प्रेक्षक व्हिडिओच्या कुठल्या भागापर्यंत टिकतात, त्या आलेखाचे 100 बिंदू यूट्यूबचा एपीआय प्रत्येक व्हिडिओसाठी देतो. त्यातल्या `elapsedVideoTimeRatio` ला क्लिपच्या लांबीने गुणा, म्हणजे सेकंद मिळतील. नवखे इथेच चुकतात: 0.50 म्हणजे 30 सेकंदांच्या क्लिपमध्ये पंधरावा सेकंद, 60 च्या क्लिपमध्ये तिसावा.

तो भाग किती वेळा पाहिला गेला, त्याचं एकूण व्ह्यूजशी प्रमाण म्हणजे `audienceWatchRatio`. समजा, 50 सेकंदांच्या क्लिपचा हा आकडा तिसऱ्या सेकंदाला 0.80, बत्तिसाव्याला 0.60 आणि छत्तिसाव्याला 0.38 आहे. आधी सेकंदाला साधारण 0.007 घट होती, ती अचानक 0.055 झाली. आता व्हिडिओ उघडून पाहाच. तिसाव्या सेकंदाला मल्ल चितपट झाला आणि पुढे नुसती हलगी असेल, तर नियम ‘32 सेकंद’ असा नको, ‘चितपट झाल्यावर 2 सेकंदांनी काप’ असा हवा. पुढची कुस्ती 20 सेकंदांतही निकाली होईल.

सुरुवातीला एवढंच पाळा:

- पहिले 3 आणि शेवटचे 2 सेकंद हिशेबात धरू नका. शेवटी लोक जातातच.
- मधल्या भागातल्या नेहमीच्या घटीच्या तिप्पट घट सलग 3 सेकंद दिसली, तरच तिथे खूण करा.
- `audienceWatchRatio` 1 च्या वर गेला तर बिघाड समजू नका. तो भाग लोकांनी पुन्हा पाहिलाय, तो डाव कापू नका.

मोजके व्ह्यूज असलेल्या क्लिपचा आलेख उगाच वरखाली होतो, त्यावरून नियम बदलू नका.