मोरचुदातील स्फटिकजलाची टक्केवारी कमी का येते?

प्रश्न: मोरचुदाचे स्फटिक 110 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये वस्तुमान स्थिर होईपर्यंत तापवले, तरी स्फटिकजल 36 ऐवजी 29 टक्केच का येते?

उत्तर: आपले वजन बहुधा अचूक आहे, तापमान अपुरे पडले आहे. CuSO₄·5H₂O मधील पाण्याचे चार रेणू साधारण 110 अंशांपर्यंत निघून जातात, पण पाचवा अधिक घट्ट बांधलेला असल्यामुळे तो 200 अंशांच्या पुढे गेल्यावरच सुटतो. म्हणून वस्तुमान स्थिर झाल्याचा अर्थ इतकाच, की त्या तापमानाला आणखी काही निघत नाही.

समजा, मुशीत 2.497 ग्रॅम स्फटिक घेतले. 110 अंशांना घट 0.721 ग्रॅमवर थांबते. तिला मूळ स्फटिकांच्या वस्तुमानाने (उरलेल्या क्षाराच्या नव्हे, ही चूक फार होते) भागून 100 ने गुणल्यास 28.9 टक्के येतात. तीच मूस 250 अंशांना तापवली, तर एकूण घट 0.901 ग्रॅम, म्हणजे 36.1 टक्के होते.

थंड करताना मूस डेसिकेटरमध्येच ठेवावी, कारण निर्जल क्षार हवेतील बाष्प शोषून पुन्हा निळसर होतो आणि घट कमी भरते. लागोपाठच्या दोन वजनांत 0.001 ग्रॅमपेक्षा अधिक फरक उरला नाही, की तापवणे थांबवावे. उघड्या ज्योतीवर मात्र उलटा धोका असतो: क्षार काळा पडू लागला, तर सल्फेटचेच विघटन होऊन कॉपर ऑक्साइड तयार होत आहे, आणि मग टक्केवारी 36 च्या वर जाते.