मोकळ्या तारेवर बो सरळ कसा ठेवायचा आणि आवाज शेवटपर्यंत सारखा कसा ठेवायचा?

प्रश्न: व्हायोलिन नुकतंच सुरू केलंय, उभं राहून वाजवतो. मोकळ्या तारेवर अर्ध्या बोपर्यंत आवाज छान येतो, पुढे टोकाकडे बो तिरका होतो आणि आवाज बारीक, वाऱ्यासारखा येतो. हात तर सरळच ओढतोय असं वाटतं. काय चुकतंय?

उत्तर: तुमचा हात बहुधा खांद्यापासून मागे जातोय. खांदा फिरला की हात गोलात फिरतो, त्यामुळे तुम्हाला ‘सरळ’ वाटणारी दिशा प्रत्यक्षात वळत जाते. बो ब्रिजला समांतर ठेवायचा असेल, तर टोकाकडे जाताना मनगट शरीरापासून दूर, उजवीकडे पुढच्या बाजूला न्यावं लागतं. सुरुवातीला हे चुकीचं वाटेल. वाटू द्या आणि खात्री आरशात करा.

आरसा उजव्या हाताला, थोडा पुढे ठेवा आणि व्हायोलिनची मान आरशाला समांतर होईल असे उभे राहा. आता बो आणि त्याचं प्रतिबिंब मिळून एकच सरळ रेष दिसली पाहिजे. दोघांत कोन पडला, तर बो तिरका आहे. नुसतं वरून तारेकडे बघून हे नीट कळत नाही, कारण डोळा तारेच्या अगदी जवळ आणि तिरक्या बाजूला असतो.

सराव पूर्ण बोने सुरू करू नका. डी तार घ्या आणि बोचा मध्य तारेवर ठेवा. या जागी दंड आणि कोपराखालचा हात यांत साधारण काटकोन होतो. इथून टोकापर्यंत फक्त कोपर उघडायचं. दंड मागे जाऊ द्यायचा नाही, उलट शेवटी तो किंचित पुढेच सरकतो. दंड ऐकत नसेल तर कोपराच्या मागे भिंत येईल असे उभे राहा. मागे गेलात की लगेच लागेल. हा वरचा अर्धा भाग सुधारला की मगच फ्रॉगपासून, म्हणजे बोच्या हातात धरायच्या टोकापासून, मध्यापर्यंतचा भाग घ्या. तिथे काम दंडाचं जास्त असतं आणि बहुतेकांना तो भाग कमी त्रास देतो.

आता आवाजाचं. बो सरळ असूनही टोकाला आवाज बारीक होऊ शकतो, कारण बोचं वजन फ्रॉगकडे एकवटलेलं असतं. फ्रॉगजवळ हाताचं आणि बोचं वजन तारेवर आपोआप येतं, तिथे करंगळीने थोडं उचलून धरावं लागतं. टोकाकडे जाताना ते वजन हळूहळू कमी होतं आणि ते तर्जनीतून भरून काढावं लागतं. यासाठी दाबायचं नाही. कोपराखालचा हात किंचित आतल्या बाजूला वळवला की तर्जनी काठीवर टेकते आणि वजन जातं. अंगठा कडक झाला किंवा खांदा वर आला, तर तुम्ही वजन देत नसून दाब देताय, हे ओळखा.

दुसरं कारण वेगाचं. बोच्या काठीवर कागदी चिकटपट्टीने चार सारखे भाग करा (केसांना काही लावू नका). मेट्रोनोम ६० वर ठेवा आणि एका ठोक्याला एकच भाग, असे चार ठोके खाली, चार वर. पहिल्या ठोक्याला निम्मा बो संपतो आणि मग उरलेला बो पुरवत ओढावा लागतो, हे नवख्यांचं नेहमीचं. ऐकायची खूण अशी: आवाज खरखरला, किरकिरला तर वेगाच्या मानाने वजन जास्त आहे. आवाज हवेशीर, शिट्टीसारखा झाला तर वजन कमी आहे, किंवा बो जागेवरून सरकलाय.

जागा म्हणजे ब्रिज आणि फिंगरबोर्डच्या टोकाच्या साधारण मध्यावर. बो तिरका झाला की स्पर्शाची जागा कधी फिंगरबोर्डकडे, कधी ब्रिजकडे सरकते. हे तपासायचा एक उत्तम उपाय: तारा कोरड्या कापडाने पुसा, दहा मिनिटं फक्त डी तार वाजवा आणि मग तारेवर पडलेली रोझिनची पांढरी भुकटी बघा. अरुंद पट्टा असेल तर बो जागेवर राहिला. भुकटी फिंगरबोर्डपर्यंत पसरली असेल तर तो हिंडलाय.

हात आखूड असलेल्यांना अगदी टोकापर्यंत सरळ जाणं जमतच नाही. कोपर पूर्ण सरळ झालं की तिथेच थांबा, टोकाकडचा शेवटचा दोन-तीन बोटं रुंदीचा बो न वापरता राहू द्या. तेवढ्यासाठी खांदा ओढलात तर बो पुन्हा वळतो. पुढे बैठकीत, हिंदुस्तानी पद्धतीने शिकणार असाल तर व्हायोलिनचं टोक पायावर टेकतं, त्यामुळे आरसा ठेवायची जागा आणि हाताचा कोन बदलेल. तारेला काटकोनात ओढायचं, हे मात्र तिथेही तेच. गायकी अंगात एका बोमध्ये लांब मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, घ्यावी लागते, आणि मध्येच आवाज पडला तर ती मींड तुटते, म्हणून तिथले गुरूसुद्धा सुरुवातीला मोकळ्या ‘सा’वरच लांब बो घोटून घेतात.