हिशेबाला पगारी माणूस की बाहेरचा?

«सर, मुलगी बी.कॉम. झाल्यावर काजूगर आणि कोकम आगळ पॅक करून दुकानांना घालते. धंदा वाढलाय. बिलं आणि जीएसटीतच तिचा दिवस जातो. माणूस पगारावर ठेवायचा की कामापुरता बाहेरून घ्यायचा? — एक आई, फोंडा»

ताई, आधी महिनाभर तिला एका वहीत वेळ लिहायला सांगा: बिलांची नोंद, जीएसटी, ऑर्डरचे फोन, वसुली, प्रत्येकाचे तास वेगळे. हे सगळं एकच काम समजलं की निर्णय चुकतो.

समजा, नोंदी महिन्याला 20 तास आणि जीएसटी 6 तास निघाले. बाहेरचा अकाउंटंट तासाला 250 रुपये घेत असेल, तर 6,500 रुपयांत काम होतं. पगारी माणूस 16,000 वर ठेवला आणि बोनस म्हणून वर्षाला तेरावा पगार धरला, तर महिन्याला साधारण 17,300 पडतात. म्हणजे 70 तासांच्या आसपास दोन्ही खर्च सारखे होतात. हे तास वर्षाची सरासरी काढून बघा. पावसात पर्यटक कमी होतात, दुकानांची मागणी उतरते, पगार मात्र तेवढाच राहतो.

फोन आणि वसुलीचे तास या बेरजेत घालू नका. दुकानदाराला उत्तर त्याच वेळी हवं असतं. दहा गिऱ्हाइकं सांभाळणारा बाहेरचा माणूस ते देऊ शकत नाही. हे काम तिला स्वतःला आवरेनासं झालं, तर पगारी माणूस घ्या आणि नोंदीही त्याच्याकडेच द्या. तोवर बाहेरचा पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरच्याकडे काम अडतं ते तारखांवर. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना विक्रीची बिलं दाखवणाऱ्या GSTR-1 साठी 11 तारीख आणि कर भरायच्या GSTR-3B साठी 20 तारीख असते. त्याच्या सगळ्याच गिऱ्हाइकांची घाई तेव्हा असते, आणि महिनाभराची बिलं 9 तारखेला पिशवीतून आली तर ती घाईत चढवली जातात. म्हणून बिलांचे फोटो दर शनिवारी पाठवायचे आणि मागच्या महिन्याच्या नोंदी 5 तारखेपर्यंत पुऱ्या, हे आधीच लेखी ठरवून घ्या.

14 तारखेला पोर्टलवर GSTR-2B येतं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी. खरेदीची बिलं तिच्याशी जुळवणं हे अकाउंटंटच्या कामात स्पष्ट लिहा. बाटल्यांच्या पुरवठादाराने आपल्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं नसेल, तर ते तिथे दिसत नाही आणि त्या बिलावर दिलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे तो आपल्या करातून वजा करणं, त्या महिन्यात जमत नाही. अशा बिलांची यादी 16 पर्यंत मुलीच्या हातात आली, तर पुरवठादाराला फोन तिनेच करावा. पैसे तीच देते, त्यामुळे तिचं तो ऐकतो.

आणि जीएसटी पोर्टलवरचा मोबाईल नंबर व ईमेल मुलीचाच ठेवा. तो अकाउंटंटचा असला, तर माणूस बदलताना ओटीपी त्याच्याकडे जातो आणि काम अडकतं. टॅलीच्या डेटाचा बॅकअपही दर महिन्याला घरच्या कॉम्प्युटरवर घ्या.