सांगलीत फ्लॅट भाड्याने घेण्याआधी लाइट आणि व्होल्टेज कसं तपासावं?

प्रश्न: सांगलीत विश्रामबागच्या पुढे, शहराच्या कडेला २ बीएचके भाड्याने बघतोय. घरून काम असतं. लाइट किती जाते, व्होल्टेज बरोबर आहे का हे आधी कसं कळणार? इन्व्हर्टर केवढा लागेल?

इन्व्हर्टरचा आकडा सगळ्यात शेवटी ठरतो, कारण इन्व्हर्टरचा उपयोग होईल की नाही हेच आधी व्होल्टेजवर ठरतं. व्होल्टेज खराब असलेल्या फ्लॅटमध्ये मोठी बॅटरीही भरत नाही. म्हणून आधी फ्लॅटचा पुरवठा तपासा. त्यासाठी दोन फेऱ्या पुरतात: एक दिवसा आणि दुसरी संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान. जमलं तर दुसरी फेरी उन्हाळ्यात मारा.

पहिल्या फेरीत मालकाकडून मागचं वीजबिल मागून घ्या. बारा अंकी ग्राहक क्रमांक, मंजूर भार, थकबाकी आणि मागच्या महिन्यांचा वापर त्यावर असतो. त्यातच डीटीसीचा, म्हणजे तुमच्या भागाला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरचा क्रमांकही असतो; त्यावरून तुमची इमारत कोणत्या डीपीवर आहे ते समजतं. जवळच्या डीपीवर रंगवलेल्या क्रमांकाशी तो ताडून बघा. रस्त्यापलीकडची इमारत वेगळ्या डीपीवर असू शकते आणि तिथली परिस्थिती पूर्ण निराळी असते. त्यामुळे ‘या भागात लाइट जात नाही’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. तुमच्या डीपीवर काय होतं, तेवढंच कामाचं. शहराच्या कडेच्या नव्या इमारतींसाठी आणखी एक प्रश्न विचारा: फीडर, म्हणजे डीपीपर्यंत वीज आणणारी लाइन, शहराचा आहे की शेजारच्या गावाकडून आलेला? गावाकडच्या लांब लाइनवर बिघाड शोधायला वेळ लागतो आणि टोकाला व्होल्टेज उतरतं. हे त्या भागाचा लाइनमन एका वाक्यात सांगेल.

मालकाला किंवा एजंटला ‘लाइट जाते का?’ विचारून उपयोग नाही, उत्तर ठरलेलं असतं. त्याच डीपीवरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला किंवा झेरॉक्सवाल्याला विचारा, आणि प्रश्न नेमका ठेवा: ‘गेल्या आठवड्यात काम कधी थांबलं होतं? किती वेळ?’ शेजारच्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर असेल तर बॅटरी किती वर्षांची आहे आणि मागची किती टिकली ते विचारा. वारंवार खोलवर रिकामी होणारी बॅटरी लवकर जाते.

इमारतीत सीसीटीव्ही असेल तर त्याहून भरवशाची नोंद मिळते. डीव्हीआरच्या लॉगमध्ये यंत्र अचानक बंद पडल्याच्या आणि पुन्हा चालू झाल्याच्या वेळा तारखेनिशी असतात. सोसायटीच्या सचिवांना मागच्या दोन-तीन महिन्यांचा लॉग दाखवायची विनंती करा. डीव्हीआरला छोटा यूपीएस असेल तर थोड्या वेळासाठी गेलेली लाइट त्यात दिसणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

नोंद वाचताना किती वेळा गेली यापेक्षा कशी गेली ते बघा. ठरलेल्या दिवशी सकाळी काही तास गेली असेल, तर ते देखभालीचं काम असतं. पावसाळ्याआधी फांद्या तोडण्यासाठीही तसं होतं. हे आधी कळतं, कामाची वेळ त्याप्रमाणे बदलता येते. वळवाच्या पावसात दोन-तीन तास जाणं सगळीकडेच आहे. खरा त्रास म्हणजे कोरड्या हवेत, रोज संध्याकाळी, थोड्या थोड्या वेळासाठी जाणारी लाइट. त्याचा अर्थ बहुधा डीपीवर भार जास्त झालाय आणि फ्यूज उडतोय. नवी डीपी बसेपर्यंत ते थांबत नाही.

आता व्होल्टेज. प्लगमध्ये खोचायचा डिजिटल व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-तीनशे रुपयांत मिळतो. संध्याकाळच्या फेरीत तो हॉलमधल्या सॉकेटला लावा आणि घरातलं बाकी सगळं बंद ठेवून आकडा लिहून घ्या. २१५ ते २४५ च्या आत असेल तर चांगलं. मग गीझर चालू करा, दोन मिनिटं थांबा आणि पुन्हा आकडा बघा. नुसतं रिकामं व्होल्टेज बघून बरेच जण परत येतात, पण दुबळी वायर किंवा ढिला जोड भार टाकल्याशिवाय समोर येत नाही.

समजा, रिकामा आकडा २२२ होता आणि २००० वॅटचा गीझर लावल्यावर २०३ झाला. गीझर तेव्हा पावणेआठ अँपिअरच्या आसपास करंट घेत असतो. म्हणजे १९ व्होल्ट वाटेत कुठेतरी खाल्ले जातायत, आणि १९ गुणिले ७.७ केलं की सुमारे १४५ वॅट होतात. एवढी उष्णता डीपीपासून तुमच्या घरातल्या मेन बोर्डापर्यंतच्या वायरीत आणि जोडांत निर्माण होते. ती लांब केबलभर पसरली असेल तर केवळ व्होल्टेज कमी मिळतं. एकाच ढिल्या स्क्रूवर असेल तर तो जोड जळतो. चार-पाच व्होल्टची उतरण सामान्य आहे. दहाच्या वर गेली तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कारण कुठे आहे हे तिथल्या तिथे कळतं. गीझर चालू-बंद करताना जिन्यातला किंवा शेजारचा दिवाही मंद होत असेल, तर दोष मीटरच्या आधी, म्हणजे बाहेरून येणाऱ्या सर्व्हिस केबलमध्ये किंवा डीपीत आहे. मात्र तो दिवा त्याच फेजवर असायला हवा, म्हणून एक-दोन ठिकाणी बघा. फक्त तुमच्याच घरात फरक पडत असेल तर मीटरपासून आतल्या वायरिंगमध्ये दोष आहे. मेन स्विच, एमसीबी आणि मीटरखालचे जोड वायरमनकडून बघून घ्या. तापलेल्या जोडाजवळ वायरीचं प्लास्टिक तपकिरी पडतं आणि जळका वास येतो. स्वतः झाकण उघडू नका. घरातली दुरुस्ती मालकाने करायची, डीपीकडची महावितरणने. पहिली दोन दिवसांत होते, दुसरीला किती दिवस लागतील हे तुमच्या हातात नसतं. म्हणून दोष बाहेरचा निघाला तर मी तो फ्लॅट सोडून द्यायला सांगेन.

तुम्ही काहीच चालू-बंद न करता आकडा मिनिटामिनिटाला १९० वरून २६० वर झुलत असेल, तर न्यूट्रल ढिला असण्याची शक्यता मोठी. इमारतीत तीन फेज वेगवेगळ्या फ्लॅटना वाटलेले असतात. न्यूट्रल सुटला की एकाचं व्होल्टेज पडतं आणि दुसऱ्याचं चढतं. फ्रिज, टीव्ही, राउटर एका संध्याकाळी जाऊ शकतात. मेन स्विच बंद करून लगेच तक्रार करावी असा हा दोष आहे.

सांगलीत तळमजल्यावरचा मीटर बोर्ड बघायलाच हवा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी शहराच्या बऱ्याच भागांत शिरलं होतं. पाणी डीपीपर्यंत आलं की सुरक्षिततेसाठी पुरवठा बंदच करतात, त्यामुळे तुमचा तिसरा मजला कोरडा असूनही घरात अंधार असतो. पार्किंगच्या भिंतीवर पाण्याची खूण आहे का, मीटर तिच्या वर आहेत का, ते बघा. शामरावनगर, गावभागाकडे फ्लॅट बघत असाल तर हा प्रश्न पहिला. अशा दिवसांसाठी इन्व्हर्टरचा हिशोब करू नका, कुठलीही घरगुती बॅटरी तेवढी पुरत नाही. पाण्याचा पंप तीन फेजचा असेल तर एक फेज गेल्यावर तो बंद राहतो, तुमच्या घरात दिवे चालू असले तरी. त्यामुळे गच्चीवरच्या टाकीत किती वेळाचं पाणी असतं तेही विचारून ठेवा.

आता इन्व्हर्टर. नोंदीवरून बहुतेक वेळा लाइट तासाभरात येते असं दिसलं, आणि तुमची गरज लॅपटॉप व नेट एवढीच असेल, तर इन्व्हर्टर घेऊच नका. लॅपटॉपची स्वतःची बॅटरी आणि राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. पण त्याआधी केबलवाल्याला विचारा की फायबर थेट तुमच्या घरातल्या डब्यापर्यंत येते की मध्ये इमारतीत किंवा खांबावर विजेवर चालणारा स्विच बसवलाय. तसा स्विच असेल आणि त्याला बॅकअप नसेल, तर तुमच्या घरात पंखे फिरत असतानाही नेट जाणार.

दोन-तीन तासांचा खंड नेहमीचा असेल तर बेरीज करा. दोन साधे पंखे १५० वॅट, लॅपटॉप ६०, राउटर १२, तीन एलईडी २७, म्हणजे जवळपास २५० वॅट. १२ व्होल्ट १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते. ती पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरमध्येही काही जातं, म्हणून साडेअकराशेच्या आसपास धरा. म्हणजे नवी असताना चार तास, दोन-तीन वर्षांनी तीन. पंखे बीएलडीसी लावले तर हाच भार १६० वर येतो आणि तीच बॅटरी सहा-सात तास चालते. भाड्याच्या घरात मोठ्या बॅटरीपेक्षा दोन असे पंखे घेणं मला जास्त पटतं, घर सोडताना काढून नेता येतात. इन्व्हर्टर ९०० व्हीएचा, साइन वेव्हचा पुरे. फ्रिज, मिक्सर, गीझर त्यावर टाकू नका.

चार्जिंगचंही बघा. साधारण १५ अँपिअरने १५० एएच बॅटरी भरायला दहा-बारा तास लागतात. सकाळी तीन तास आणि संध्याकाळी पुन्हा तीन तास लाइट जाणाऱ्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या वेळी बॅटरी अर्धवटच भरलेली असते. आणि व्होल्टेजचा संबंध इथे येतो: इन्व्हर्टर स्टॅबिलायझर नसतो, बाहेरचं व्होल्टेज जसंच्या तसं पुढे देतो. यूपीएस मोडमध्ये १८० च्या खाली गेलं की लाइट असूनही तो बॅटरीवर जातो, मग तेवढा वेळ चार्जिंग थांबतं आणि उलट बॅटरी उतरत राहते. मागचा स्विच साध्या मोडवर केला तर तो १०० च्या आसपासपर्यंत बाहेरचीच लाइट वापरतो. पण मग पंखा हळू चालतो आणि कमी व्होल्टेजचा मार फ्रिजला बसतच राहतो. म्हणून संध्याकाळी व्होल्टमीटरवर १९० च्या खाली आकडा दिसला, तर ‘इन्व्हर्टर घेऊन भागेल’ म्हणून करार करू नका.

करारात दोन गोष्टी लिहून घ्या: मीटरपासून आतल्या वायरिंगची दुरुस्ती मालकाची, आणि तुम्ही आणलेली बॅटरी, इन्व्हर्टर, पंखे घर सोडताना तुमचे. इन्व्हर्टरची वेगळी लाइन आधीच ओढलेली आहे का, तेही वायरमनला दाखवा. नसेल तर भिंतीवरून पट्टीतून ओढण्याची परवानगी घ्या. बॅटरी बेडरूममध्ये नको, हवा खेळती असलेल्या जागी ठेवा. राहायला गेल्यावर मालकाच्या संमतीने तुमचा मोबाइल त्या ग्राहक क्रमांकाला जोडा, म्हणजे ठरवून बंद ठेवणार असल्याचे मेसेज तुम्हाला येतील. त्यासाठी ९९३०३९९३०३ वर हा एसएमएस जातो, शेवटी बिलावरचा बारा अंकी क्रमांक:

```
MREG 123456789012
```

लाइट गेल्याची तक्रार त्याच नंबरवर `NOPOWER` लिहून, एक जागा सोडून ग्राहक क्रमांक टाकून करता येते, किंवा १९१२ वर फोन करून.