देणगीची पावती आणि ८०जी प्रमाणपत्र: भाविकांना कसं सांगावं

आमच्या मंदिरात आता संगणकावरची देणगी पावती सुरू झाली आहे. लोक तीच पावती करसवलतीची समजतात आणि नंतर "प्रमाणपत्र कुठंय?" म्हणून भांडतात. त्यांना नीट कसं समजवायचं?

मी एका देवस्थानात देणगी काउंटरवर बसतो. पहिल्या वर्षी आमच्याकडेही हेच झालं, आणि खरं सांगायचं तर चूक भाविकांची नव्हती. आम्ही पावतीवर मोठ्या अक्षरात "८०जी" छापलं होतं. ते वाचून माणूस निश्चिंत होणारच.

आधी एक गोष्ट विश्वस्तांना विचारून घ्या: ट्रस्टला ८०जीची, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी, मान्यता आहे का? १२ए नोंदणी वेगळी, ती ट्रस्टच्या स्वतःच्या उत्पन्नावरच्या करसवलतीसाठी असते. निव्वळ धार्मिक ट्रस्टला ८०जी सहसा मिळत नाही. काही नामांकित मंदिरं सरकारने अधिसूचित केलेली असतात, तिथेही सवलत जीर्णोद्धार किंवा दुरुस्तीसाठी दिलेल्या देणगीवरच मिळते. मान्यता नसेल तर तसं काउंटरवर स्पष्ट लिहा. पुढचं सगळं मान्यता असलेल्यांसाठी.

भाविकांना मी एवढंच सांगतो: "ही पावती म्हणजे पैसे पोचल्याची खूण. करासाठीचा कागद वेगळा आहे, तो मे अखेरपर्यंत मिळेल." त्या कागदाचं नाव फॉर्म १०बीई. आर्थिक वर्ष संपल्यावर ट्रस्ट सगळ्या देणगीदारांची यादी फॉर्म १०बीडीमध्ये आयकर विभागाच्या पोर्टलवर भरतो आणि त्यातून प्रत्येकाचं १०बीई तयार होतं. २०२४-२५ च्या देणग्यांसाठी शेवटची तारीख ३१ मे २०२५ होती. म्हणजे ऑगस्टमध्ये देणगी देऊन दिवाळीला प्रमाणपत्र मागणाऱ्याला आपण काही देऊच शकत नाही. हे पावती फाडतानाच सांगितलं की निम्मी भांडणं मिटतात.

उरलेली निम्मी पॅनमुळे होतात. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, शेवटी एक अक्षर. लोक कागदावर लिहून देतात तेव्हा इंग्रजी ओ आणि शून्य सारखेच दिसतात, पण जागेवरून कळतं: पहिल्या पाचात असेल तर ओ, मधल्या चारात असेल तर शून्य. व्यक्तीच्या पॅनचं चौथं अक्षर पी असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. पाचवं जुळलं नाही तर मी एकदा विचारतो. (लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांचं बहुधा जुळत नाही, तिथे हट्ट धरू नये.) मग टाइप केलेलं नाव आणि पॅन त्यांना स्क्रीनवर वाचायला लावतो आणि त्यानंतरच पावती छापतो. चूक मे महिन्यात सापडली तर ट्रस्टला दुरुस्त १०बीडी भरावा लागतो. ते होतं, पण तोवर तो माणूस तीन फेऱ्या मारून गेलेला असतो.

आमच्याकडचं एक उदाहरण सांगतो. एका काकांनी वर्षभरात यूपीआयने ९,००० रुपये दिले, उत्सवाला रोख ५,००० दिले आणि अन्नदानाला तांदळाची तीन पोती. त्यांचा हिशोब होता की सगळ्यावर सवलत मिळणार. तांदूळ वस्तुरूपाने दिलेला, त्यावर सवलत नाही. रोख दिलेली रक्कम २,००० च्या वर गेली की ती पूर्ण बाद होते, त्यातले २,००० सुद्धा धरत नाहीत. उरले ९,०००. आमच्या ट्रस्टला ५० टक्क्यांची सवलत, म्हणून उत्पन्नातून वजा होणार ४,५००. काका जुन्या करप्रणालीत, २० टक्क्यांच्या टप्प्यात, म्हणजे कर वाचला साधारण ९०० रुपये आणि वर थोडा उपकर. "एवढंच?" म्हणाले. एवढंच. एकूण उत्पन्नाच्या प्रमाणात एक कमाल मर्यादाही असते, पण काकांची रक्कम तिच्या आसपासही नव्हती. नवी करप्रणाली घेतलेल्यांना तर ८०जीची वजावट मिळतच नाही, आणि हे बऱ्याच जणांना पहिल्यांदा आमच्या काउंटरवर कळतं.

आणखी एक नेहमीची गल्लत म्हणजे पैसे मुलाच्या फोनवरून जातात आणि पावती वडिलांच्या नावाने हवी असते. आम्ही नियमच केला आहे, ज्याच्या खात्यातून पैसे त्याचंच नाव आणि पॅन. संकल्प वडिलांच्या नावाने सोडायला गुरुजींची हरकत नसते, पावतीवर मात्र मुलगाच. दानपेटीत टाकलेल्या पैशांची नावानिशी पावती नाही, त्यामुळे प्रमाणपत्रही नाही.

मे महिन्यात १०बीई हातात आल्यावर त्यावरचं नाव, पॅन आणि रक्कम आपल्या पावत्यांशी ताडून बघायला सांगा. रिटर्न भरताना ट्रस्टच्या पॅनबरोबर त्यावरचा एआरएन क्रमांकही लागतो. आमच्या पावतीवरचं मोठं "८०जी" आम्ही काढलं आणि तिथे एक ओळ छापली: "करसवलतीसाठी १०बीई प्रमाणपत्र ३१ मेपर्यंत या मोबाइलवर येईल." खाली भाविकाचाच नंबर छापून येतो, त्यामुळे चुकीचा असेल तर तो तिथल्या तिथे सांगतो.